शेवटचे चार सेंटिमीटर

माणसाचे मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. पोटाच्या उजव्या कोपऱ्यात, जांघेच्या वर ते सुरू होते, बरगड्यांखालपर्यंत चढते, आडवे होऊन डावीकडे जाते आणि तिथून खाली उतरून गुदाशयाला मिळते. खाल्लेल्या अन्नाचा उरलेला भाग हे अंतर एखाद्या दिवसात किंवा दीड-दोन दिवसांत पार करतो. वाटेत त्यातले पाणी शोषले जाते आणि मळ घट्ट होत जातो. गुदाशयानंतर उरतो फक्त गुदमार्ग. त्याची लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास. बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांची गाडी या शेवटच्या चार सेंटिमीटरपाशीच अडलेली असते.

पोट साफ होण्यासाठी जे व्यायाम सांगितले जातात, त्यांच्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. गुडघा पोटावर दाबला की आतला मळ पुढे ढकलला जातो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मांडीच्या दाबाने आतड्यातला मळ फारसा सरकत नाही. आतडे स्वतःच्या लाटांनी तो पुढे नेते. या लाटा दिवसातून काही वेळाच जोरात येतात, त्याही मुख्यतः झोपेतून उठल्यावर आणि जेवल्यानंतर. गुडघे छातीशी घेणे, उकिडवे बसणे आणि कंबर जमिनीला टेकवणे-उचलणे या तीन व्यायामांचे खरे काम दारापाशी आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल कसे सोडायचे, हे ते शरीराला शिकवतात.

हे दार नीट समजून घेतले की व्यायामही नीट करता येतात. गुदाशय जिथे गुदमार्गाला मिळतो, तिथे मागच्या बाजूने एका स्नायूचा फास असतो. पुढच्या जांघेच्या हाडापासून निघून, गुदाशयाला मागून वेढा घालून तो पुन्हा त्याच हाडाला येऊन मिळतो. उभे असताना आणि बसलेले असताना हा स्नायू ताणलेला राहतो आणि गुदाशयाला पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोनात वाक तयार होतो. बागेला पाणी घालायची नळी मुडपली की पाणी थांबते, तसा हा मुडपा मळाला थांबवून ठेवतो. माणूस खोकला, हसला, ओझे उचलले तरी काही निसटत नाही, ते या वाकामुळे. शौचाच्या वेळी मात्र तो स्नायू सैल पडायला हवा, वाक सरळ व्हायला हवा, आणि त्याच वेळी पोटातून हलका दाब यायला हवा. या तीन गोष्टी एकत्र जुळल्या की कुंथावे लागत नाही.

उकिडवे बसल्यावर मांड्या पोटाकडे येतात आणि हा वाक अधिक उघडतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सहा निरोगी माणसांच्या गुदाशयात क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडले आणि वेगवेगळ्या बैठकींत तो कोन मोजला. खुर्चीसारख्या बैठकीत तो सुमारे १०० अंश होता, तर उकिडव्या बैठकीत सुमारे १२६ अंश. पोटातून द्यावा लागणारा जोरही उकिडव्या बैठकीत कमी होता. त्याआधी, २००३ साली, इस्रायलमधल्या डॉ. डोव्ह सिकिरोव्ह यांनी २८ निरोगी व्यक्तींना तीन प्रकारच्या बैठकींत शौचाला बसायला सांगून वेळेची नोंद ठेवायला लावली. नेहमीच्या उंचीच्या कमोडवर सरासरी १३० सेकंद लागले, उकिडवे बसून ५१.

हे दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि निरोगी माणसांवर केलेले आहेत. तेव्हा भारतीय पद्धतीच्या संडासावर बसणाऱ्याला बद्धकोष्ठ होतच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. गावाकडे आयुष्यभर उकिडवे बसलेल्या आजीलाही तो त्रास असू शकतो. पाणी कमी पडले, जेवणात चोथा नसला, औषधांमुळे आतडे मंदावले, तर बैठक बदलून भागत नाही. बैठक दाराचे काम सोपे करते, मागून येणाऱ्या मालाचे नाही.

आता व्यायामांकडे वळू. पहिला गुडघा छातीशी घेण्याचा. योगवर्गात यालाच पवनमुक्तासन म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी शाळेत किंवा सकाळच्या योगवर्गात तो कधी ना कधी केलेला असतो. सतरंजीवर उताणे झोपावे. उजवा गुडघा वाकवून दोन्ही हातांनी तो गुडघ्याखाली धरावा आणि श्वास सोडत सोडत छातीकडे आणावा. डावा पाय सरळ ठेवला तर कंबर दुखते अशांनी तोही गुडघ्यात वाकवून तळवा जमिनीवर टेकवावा. गुडघ्याचे दुखणे असेल तर नडगीवर हात न ठेवता मांडीच्या मागून धरावे. त्या स्थितीत चार-पाच सावकाश श्वास घ्यावेत, मग पाय सोडावा आणि डाव्या पायाने तेच करावे. प्रत्येक बाजूने तीन वेळा झाले की शेवटी दोन्ही गुडघे एकत्र जवळ घ्यावेत.

उजवा पाय आधी घेण्याची पद्धत मोठ्या आतड्याच्या वाटेशी जुळते, म्हणून ती पाळायला हरकत नाही. पण डावा आधी घेतला तर बिघडते असेही नाही. चूक होते ती दुसरीकडे. अनेक जण श्वास रोखून, दात आवळून, हिसका देत गुडघा ओढतात आणि हनुवटी गुडघ्याला लावायच्या नादात मान ताणतात. श्वास रोखला की ओटीपोटाचा तळ आपोआप घट्ट होतो, म्हणजे जे सैल करायचे तेच आवळले जाते. डोके जमिनीवरच राहू द्यावे. पोट मोठे असेल तर गुडघा सरळ छातीवर न आणता जरा बाहेर, काखेच्या दिशेने न्यावा. व्यायाम बरोबर होतो आहे याची खूण अशी: पाठीचा खालचा भाग हलकेच जमिनीला टेकतो, श्वास पोटात खोल उतरतो आणि बैठकीचा भाग रुंदावल्यासारखा, सुटल्यासारखा वाटतो.

अडकलेला वायू सुटण्यासाठी हे आसन प्रसिद्ध आहे आणि अनेकांना तो अनुभव येतो. पण त्यापुढची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बार्सिलोनामधल्या संशोधकांनी २००३ साली निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यात मोजून वायू सोडला आणि तो बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहिले. उताणे झोपलेल्यांपेक्षा ताठ स्थितीत असलेल्यांमध्ये वायू लवकर पुढे सरकला. म्हणजे पोट फुगलेले असताना नुसते पाय जवळ घेऊन अर्धा तास पडून राहण्यात अर्थ नाही. पाच मिनिटे आसन करावे, मग कुशीवर वळून उठावे आणि घरातल्या घरात दहा मिनिटे चालावे.

दुसरा व्यायाम दिसायला इतका लहान आहे की पाहणाऱ्याला तो व्यायाम वाटतही नाही. फिजिओथेरपिस्ट त्याला पेल्विक टिल्ट म्हणतात. उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर, पावलांमध्ये वीतभर अंतर. कंबरेखाली हात सरकवून पाहिला तर तिथे थोडी पोकळी सापडते. श्वास सोडताना ती पोकळी मिटवायची, म्हणजे कंबर जमिनीला टेकवायची. असे करताना जांघेचे हाड बेंबीच्या दिशेने किंचित वर येते. श्वास घेताना पोट फुगू द्यायचे आणि कंबर पुन्हा हलकेच उचलू द्यायची. माकडहाडापासून कंबरेपर्यंतचा भाग पुढे-मागे डोलतो, पाठीचा वरचा भाग आणि पावले जागची हलत नाहीत. असे सावकाश दहा वेळा.

या व्यायामातला महत्त्वाचा क्षण श्वास आत घेण्याचा आहे. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो. त्याबरोबर ओटीपोटाचा तळही थोडा खाली जातो आणि सैल होतो. शौचाच्या वेळी नेमके हेच हवे असते. पाठीच्या दुखण्यासाठी हा व्यायाम शिकलेले लोक कंबर टेकवताना नितंब आणि गुदद्वार आवळून धरतात, कारण त्यांना तसे सांगितलेले असते. पोट साफ होण्यासाठी करताना मात्र आवळणे पूर्ण टाळायचे. आवळले जाते आहे का, हे तपासायला एक हात बेंबीखाली आणि एक नितंबाच्या बाजूला ठेवावा. नितंब दगडासारखा कडक लागला तर जोर निम्म्याने कमी करावा. आधी श्वास आणि पोट नीट हलू लागले पाहिजे, कंबर किती टेकली याला दुय्यम महत्त्व.

तिसरा व्यायाम उकिडवे बसण्याचा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. जिममध्ये उठाबशांसारखे भराभर केले जाणारे स्क्वॉट्स मांड्या मजबूत करतात. त्यांचा पोटाला फायदा होतो तो एकूण हालचाल वाढल्यामुळे. ओटीपोटाच्या तळासाठी उपयोगी पडते ती स्थिर उकिडवी बैठक, म्हणजे मलासन. पावले खांद्यांपेक्षा थोडी रुंद, चवडे किंचित बाहेर. खिडकीचे गज, पलंगाचा पाय किंवा दाराची चौकट धरून सावकाश खाली बसावे आणि वीस ते तीस सेकंद श्वास सोडत-घेत राहावे. असे तीन वेळा. टाचा उचलल्या जात असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवावी. टाचा अधांतरी ठेवून चवड्यांवर तोल सांभाळत बसले की पोटऱ्यांपासून नितंबांपर्यंत सगळे ताठ राहते आणि सैल होण्याचा उद्देशच फसतो.

गुडघ्यांत झीज असलेल्यांनी किंवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी पूर्ण उकिडवे बसण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी खुर्ची पुरेशी आहे. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसावे, पाय फाकवावेत, पावलांखाली लहान स्टूल घ्यावे आणि पाठ न वाकवता कंबरेतून पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवावेत. ज्यांचा खुब्याचा सांधा बदलला आहे, त्यांनी मात्र तेवढेही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावे, कारण मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त आणल्यास बदललेला सांधा निखळण्याचा धोका असतो. हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेल्यांनी दोन्ही गुडघे एकदम छातीशी घेऊ नयेत. हर्निया असलेल्यांनी, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे झोपून करायचे व्यायाम सहसा टाळले जातात.

पुढे झुकण्याची ही बैठक कमोडवरही तितकीच उपयोगी आहे. फ्रेंच शिल्पकार रोदँ यांच्या ‘विचारवंत’ या पुतळ्यासारखी ही बैठक असल्यामुळे तिला तेच नाव पडले आहे. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ताठ बसून गुदाशय रिकामा करता न आलेल्या रुग्णांना या बैठकीत बसवून क्ष-किरणांखाली पाहिले. त्यांच्यापैकी अनेकांना ताठ बसून जे जमले नव्हते, ते पुढे झुकल्यावर जमले. पावलांखाली स्टूल घेण्याचा अनुभव ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात नोंदवला गेला. तिथे ५२ जणांनी चार आठवडे आपल्या शौचाची नोंद ठेवली. स्टूल घेतल्यावर बहुतेकांनी कुंथणे कमी झाल्याचे आणि वेळ वाचल्याचे सांगितले. घरच्या कमोडसाठी सात ते नऊ इंच उंचीचे साधे प्लॅस्टिकचे स्टूल चालते. ते घसरत नाही ना, एवढे पाहावे.

एवढे सगळे केले तरी वेळ चुकली तर बरेचसे वाया जाते. हे समजायला एक उदाहरण पुरे आहे. डोंबिवलीहून मुंबईतल्या कार्यालयात लोकलने जाणारी चाळिशीतली एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणू. ती पावणेसहाला उठते. चहा घेते, डबा करते, साडेसातची गाडी पकडते. चहा आणि दोन घास पोटात गेल्यावर आतड्यात लाट उठते. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो आणि सकाळी तो सर्वांत जोरकस असतो. पण त्या वेळी ती ओट्यापाशी उभी असते. ठाणे सोडेपर्यंत पोटात कळ येते. गाडीत ती दाबली जाते आणि काही मिनिटांत विरून जाते. कार्यालयातले स्वच्छतागृह नकोसे वाटते. संध्याकाळी घरी पोचल्यावर संवेदनाच नसते. तिसऱ्या दिवशी खडा होतो आणि वीस मिनिटे कुंथावे लागते.

दाबून ठेवण्याचा परिणाम त्या एका दिवसापुरता नसतो. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९० साली बारा निरोगी तरुणांना एक आठवडा शौचाची संवेदना शक्य तेवढी दाबून ठेवायला सांगितले. त्या आठवड्यात शौचाला जाण्याचे प्रमाण तर घटलेच, शिवाय मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकण्याचा वेगही मंदावला. दार बंद ठेवले की मागची रांगही हळू चालू लागते, असे त्यात दिसले.

या स्त्रीच्या सकाळीत बदल करायचा तो पंधरा-वीस मिनिटांचा. साडेपाचला उठून पेलाभर पाणी प्यावे. सतरंजीवर आधी दहा वेळा कंबर टेकवणे-उचलणे, मग दोन्ही बाजूंनी गुडघा छातीशी, शेवटी मलासन. सगळे मिळून सात-आठ मिनिटे होतात. आधी स्नायू सैल करण्याचा व्यायाम आणि नंतर बैठक हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. यानंतर चहा घ्यावा, पण नुसता नाही. सोबत पोळी किंवा दुसरे काही खावे, कारण नुसत्या चहापेक्षा खाल्ल्याने आतडे जास्त जागे होते. पंधरा-वीस मिनिटांनी, कळ आलेली असो वा नसो, पायांखाली स्टूल घेऊन बसावे. पुढे झुकून कोपर मांड्यांवर, पोट सैल. श्वास घेताना कंबर चहूबाजूंनी रुंद होऊ द्यावी आणि ती रुंदी टिकवत तोंडाने फुंकर घालतात तसा सावकाश श्वास सोडावा. असे पाच-सहा श्वास. मोबाइल बाहेर. पाच मिनिटांत काही झाले नाही तर उठावे, कुंथत बसू नये.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: शौचाला झाले का, कुंथावे लागले का, आणि मळ कसा होता. शेवटच्या गोष्टीसाठी डॉक्टर जो सात प्रकारांचा तक्ता वापरतात, तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झाला. सुट्या कडक गोळ्यांसारखा मळ हा पहिला प्रकार, पाण्यासारखा पातळ हा सातवा. तिसरा आणि चौथा, म्हणजे लांबट, मऊ आणि सलग, हे चांगले मानले जातात. चार आठवड्यांनी ही नोंद पाहिली की अडचण कुठे आहे ते कळू लागते. मळ अजूनही पहिल्या-दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो आतड्यात फार वेळ रेंगाळतो आहे. तिथे पाणी, भाज्या, कडधान्ये, इसबगोल आणि चालणे यांची गरज आहे. मळ मऊ आहे आणि तरीही बाहेर येत नाही, तर दार उघडत नाही.

चालण्याबद्दल एक नोंद इथे आवश्यक आहे. नेदरलँड्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ बद्धकोष्ठ असलेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या मध्यमवयीन लोकांनी बारा आठवडे रोज अर्धा तास भरभर चालणे आणि अकरा मिनिटे घरचे व्यायाम असा क्रम ठेवला. त्यांच्या तक्रारी कमी झाल्या आणि मळाचा प्रवासही वेगवान झाला. सतरंजीवरचे आठ मिनिटांचे व्यायाम या अर्ध्या तासाची जागा घेऊ शकत नाहीत. डोंबिवलीच्या त्या स्त्रीला तो अर्धा तास स्टेशनपर्यंत रिक्षा न करता दोन्ही वेळा चालत जाऊन मिळू शकतो.

उरतो तो कार्यालयातला दिवस. आठ तास खुर्चीत एका ठिकाणी बसल्यावर कंबर गोल होते, पोट दबते आणि श्वास छातीतच अडकतो. टेबलापाशी करण्यासारखे व्यायाम सकाळच्या व्यायामांचीच छोटी रूपे आहेत आणि कपडे न चुरगळता तीन मिनिटांत होतात. खुर्चीला चाके असतील तर आधी ती भिंतीला टेकवावी. पुढच्या कडेला बसून दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. कंबर आधी मागे गोल करावी, मग पुढे कलवून ताठ करावी. श्वास सोडताना मागे, घेताना पुढे, असे दहा वेळा. हाच खुर्चीतला पेल्विक टिल्ट. मग एक गुडघा दोन्ही हातांनी उचलून पोटाजवळ घ्यावा, चार श्वास थांबावे, आणि दुसरा गुडघा. साडी नेसलेली असेल किंवा जागा अडचणीची असेल तर याऐवजी पाय थोडे फाकवून कंबरेतून पुढे झुकावे आणि छाती मांड्यांकडे न्यावी.

त्यानंतर पीळ. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर आणि डावा हात उजव्या गुडघ्यावर ठेवून धड उजवीकडे वळवावे, तीन श्वास, मग डावीकडे. इथे ओढ हातांनी लावू नये. श्वास सोडताना बरगड्या जेवढ्या वळतील तेवढेच पुरे. शेवटी उभे राहून हात वर ताणावेत आणि दोन्ही बाजूंना एकेकदा झुकावे. पट्टा किंवा परकराची नाडी घट्ट असेल तर ती सैल करून हे सगळे करावे, नाहीतर पोटाला हलायला जागाच राहत नाही. सकाळी अकराच्या सुमारास आणि दुपारी चारला असे दोनदा केले तरी चालते. जेवणानंतर लगेच पुढे झुकणे आणि पीळ टाळून त्याऐवजी दहा मिनिटे चालावे. टेबलापाशी असताना कळ आली तर हातातले काम तसेच ठेवून उठावे. कार्यालयातल्या सगळ्या ताणांपेक्षा ही एक सवय पोटाला अधिक उपयोगी पडते.

काही खुणा दिसल्या तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचे. मळात रक्त, काळा डांबरासारखा मळ, कारण नसताना घटणारे वजन, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय या त्या खुणा. जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. पोट फुगून दुखते आहे, उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही, अशी स्थिती असेल तर रात्र काढू नये, थेट रुग्णालय गाठावे. नवीन औषध सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर तेही बोलून दाखवावे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे आतडे मंदावतात. थायरॉइडचे काम मंदावल्यानेही तसे होते.

मऊ मळही बाहेर येत नाही, पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, कधी बोटाची मदत घ्यावी लागते, अशी ज्यांची नोंद सांगते, त्यांच्यात बऱ्याचदा तो फासाचा स्नायू आणि गुदद्वाराचे स्नायू कुंथताना सैल पडण्याऐवजी उलटे आवळले जातात. अशा वेळी आणखी चोथा, आणखी जुलाबाची औषधे आणि आणखी जोर यांनी त्रास वाढूही शकतो. पोटविकारतज्ज्ञ बोटाने तपासून आणि गुदाशयातला दाब मोजून हे ओळखतात. त्यावरचा उपचार म्हणजे बायोफीडबॅक. गुदमार्गात एक बारीक नळी बसवतात आणि स्नायू आवळला की सैल पडला, ते पडद्यावरच्या रेषेत रुग्णाला स्वतः पाहता येते. ती रेषा खाली आणत आणत तो सैल सोडायला शिकतो. काही आठवड्यांच्या अंतराने अशी मोजकीच सत्रे घ्यावी लागतात. या आजारासाठी जुलाबाच्या औषधांपेक्षा ती अधिक गुणकारी असल्याचे चाचण्यांत दिसले आहे, आणि पडद्यासमोर जे शिकवतात त्यात पोटात उतरणारा श्वास आणि पुढे झुकलेली बैठक यांचाही समावेश असतो.